टर्म विम्याचा हप्ता कसा ठरतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात नौपाड्यात मी विम्याच्या गणितावर छोटे वर्ग घेतो. घोडबंदर रोडपासून ऐरोली-खारघरपर्यंतचे लोक येतात आणि नंतर मेलवर तेच तेच प्रश्न विचारतात. ते इथे एकत्र केले आहेत. सगळीकडे एकच उदाहरण वापरलं आहे, म्हणून प्रश्न ३ आधी वाचलात तर पुढचं सोपं जाईल. कोणती पॉलिसी घ्यावी हे इथे सापडणार नाही.

१. हप्ता म्हणजे नक्की कशाची किंमत? मुदत संपली आणि मी जिवंत राहिलो, तर माझे पैसे गेले कुठे?

तुमच्यासारख्याच ज्यांचा त्या काळात मृत्यू झाला, त्यांच्या घरी गेले. टर्म विम्यात कंपनी तुमच्या नावाचा वेगळा डबा ठेवत नाही. ती एकाच वयाच्या, साधारण सारख्या प्रकृतीच्या हजारो लोकांचे हप्ते एकत्र करते. यातल्या किती जणांच्या घरी कोणत्या वर्षी पैसे द्यावे लागतील, याचा अंदाज बांधते. ते भविष्यातले पैसे आजच्या किमतीला आणते आणि तो बोजा सगळ्यांत वाटते.

म्हणजे हिशेबात तीनच गोष्टी येतात: किती रक्कम द्यायची, ती द्यावी लागण्याची शक्यता किती, आणि ती केव्हा द्यायची. ‘केव्हा’ महत्त्वाचं, कारण तीन वर्षांनी द्यायच्या दहा लाखांसाठी आज दहा लाख बाजूला ठेवावे लागत नाहीत. ६ टक्के व्याज मिळत असेल तर ८,३९,६१९ रुपये पुरतात. या आकड्याला दहा लाखांचं आजचं मूल्य म्हणतात. रक्कम गुणिले शक्यता गुणिले आजच्या मूल्याचा गुणक, असा प्रत्येक वर्षाचा गुणाकार करून बेरीज घेतली की विम्याची निव्वळ किंमत मिळते.

२. मी कधी मरणार हे कंपनीला कसं कळतं?

कळत नाही, आणि कळण्याची गरजही नाही. तिला फक्त गटातल्या मृत्यूंचं प्रमाण हवं असतं. ते मृत्युदर तक्त्यातून मिळतं. भारतात विमाधारकांच्या प्रत्यक्ष अनुभवावरून तयार केलेला ‘इंडियन अश्युअर्ड लाइव्हज मॉर्टॅलिटी २०१२–१४’ हा तक्ता १ एप्रिल २०१९ पासून वापरात आहे. त्यात चाळिशीचा वार्षिक दर हजारी १.६८ आहे आणि पन्नाशीचा हजारी ४.४४ च्या आसपास. दहा वर्षांत दर अडीचपटीहून जास्त होतो. टर्म विमा उशिरा घेणाऱ्याला तो महाग का पडतो, हे या दोन आकड्यांत दिसतं.

हा तक्ता जनगणनेचा नाही, विमाधारकांचा आहे. विमा घेणारे लोक वैद्यकीय तपासणीतून गेलेले असतात आणि बहुतेक वेळा त्यांचं उत्पन्नही बरं असतं. त्यामुळे एका गटाचा तक्ता दुसऱ्याला लावला की किंमत चुकते. याला जुना इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकात इथे विमा विकणाऱ्या ब्रिटिश कंपन्या भारतीयांकडून जादा हप्ता घेत असत. सामान्य दराने भारतीयांचा विमा उतरवायला मुंबईच्या बॉम्बे म्युच्युअलने सुरुवात केली, ती त्याच शतकात.

३. एकदा आकडे घालून पूर्ण हिशेब दाखवाल का?

समजा वय ४०, विमा रक्कम १० लाख, मुदत ५ वर्षं, व्याज वर्षाला ६ टक्के. मृत्यूचे आकडे मी हिशेब हातानं करता यावा म्हणून गोल केले आहेत आणि खऱ्या तक्त्यापेक्षा थोडे चढे ठेवले आहेत. चाळिशीतले १,००,००० लोक एकाच दिवशी विमा घेतात असं धरू. दाव्याची रक्कम वर्षाच्या शेवटी दिली जाते, हेही आत्तापुरतं गृहीत.

| वर्ष | सुरुवातीला हयात | वर्षातले मृत्यू | १ रुपयाचं आजचं मूल्य | मृत्यू × आजचं मूल्य |
|---|---|---|---|---|
| १ | १,००,००० | २०० | ०.९४३४ | १८८.६८ |
| २ | ९९,८०० | २२० | ०.८९०० | १९५.८० |
| ३ | ९९,५८० | २४० | ०.८३९६ | २०१.५१ |
| ४ | ९९,३४० | २७० | ०.७९२१ | २१३.८६ |
| ५ | ९९,०७० | ३०० | ०.७४७३ | २२४.१८ |

शेवटच्या रकान्याची बेरीज १,०२४.०३. प्रत्येक मृत्यूमागे १० लाख द्यायचे आणि बोजा १ लाख लोकांत वाटायचा, म्हणजे माणशी १०,२४० रुपये. आज एकरकमी भरायचा हा निव्वळ हप्ता.

पाच वर्षांत एकूण १,२३० मृत्यू आहेत. व्याज मोजलंच नाही तर माणशी १२,३०० रुपये लागले असते. १२,३०० आणि १०,२४० यांतला फरक म्हणजे कंपनी तुमच्या पैशांवर मिळवणार असलेलं व्याज, जे ती हप्ता ठरवतानाच तुम्हाला देऊन टाकते.

तिसऱ्या वर्षाच्या ओळीकडे नीट पाहा. तिथे २४० मृत्यू आहेत ते मूळच्या एक लाखातले. तिसऱ्या वर्षी मरायला आधी दोन वर्षं जगावं लागतं. म्हणून त्या वर्षाचा दर, म्हणजे २४० भागिले ९९,५८०, हा थेट वापरायचा नाही. आधी ‘दोन वर्षं जगण्याची शक्यता’ लावायची, मग हा दर. हयातीचा रकाना ठेवला की हे आपोआप होतं.

४. १०,२४० ला पाचनं भागलं की वर्षाचा हप्ता २,०४८ आला ना?

नाही, कमी पडेल. दोन कारणं आहेत. पुढच्या वर्षांचे हप्ते उशिरा येतात, त्यामुळे त्यांचं आजचं मूल्य कमी. आणि ते फक्त हयात असलेल्यांकडून येतात, गेलेला माणूस हप्ता भरत नाही.

म्हणून हप्त्यांनाही तीच वागणूक द्यायची. दर वर्षी १ रुपया हप्ता धरा. पहिला आजच येतो, सगळ्या १,००,००० कडून. दुसरा एका वर्षानं ९९,८०० जणांकडून, म्हणजे आजच्या भावात ९४,१५१. असं करत पाच वर्षांची बेरीज ४,४४,६५७ होते, माणशी ४.४४६६. दिसायला पाच हप्ते, पण आजच्या किमतीत साडेचारही नाहीत. १०,२४० ला यानं भागलं की वार्षिक निव्वळ हप्ता २,३०३ रुपये.

एका बाजूला येणाऱ्या हप्त्यांचं अपेक्षित आजचं मूल्य, दुसऱ्या बाजूला द्यायच्या रकमांचं अपेक्षित आजचं मूल्य, आणि दोन्ही समान. पुढच्या सगळ्या उत्तरांत हेच एक समीकरण आहे.

५. मी एक्सेलमध्ये केलं तर हप्ता २,४४१ येतो. चूक कुठे आहे?

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक वर्गात येतो आणि चूक बहुधा एकाच जागी असते. एक्सेलचं `NPV` हे फंक्शन पहिली रक्कमसुद्धा वर्षाच्या शेवटी येते असं धरून तिच्यावर एका वर्षाची सूट लावतं. दाव्यांसाठी ते बरोबर आहे. हप्ते मात्र वर्षाच्या सुरुवातीला येतात, त्यामुळे त्यांची किंमत कमी दाखवली जाते आणि हप्ता नेमका ६ टक्क्यांनी फुगतो. हयात A रकान्यात, मृत्यू B रकान्यात असतील तर असं लिहा:

```
=1000000*NPV(6%,B2:B6)/(A2+NPV(6%,A3:A6))
```

पहिला हप्ता बाहेर ठेवला, उरलेल्या चारांवरच सूट लावली. उत्तर २,३०३ यायला हवं.

उत्तर बरोबर आहे का, हे तपासायची एक पद्धत मला सगळ्यात भरवशाची वाटते: निधी वर्षागणिक चालवून पाहायचा. पाचव्या वर्षाअखेर तो शून्यावर यायला हवा. शिल्लक उरली तर हप्ता जास्त लावलाय, तोट्यात गेला तर कमी. हा निधी पुढच्याच प्रश्नात चालवला आहे.

६. सुरुवातीला धोका कमी असतो, मग पहिल्या वर्षापासून तेवढाच हप्ता का घेतात?

दरवर्षी फक्त त्या वर्षाच्या धोक्याचे पैसे घेतले तर आपल्या उदाहरणात हप्ता असा चढत जाईल: १,८८७, २,०८०, २,२७४, २,५६४ आणि २,८५७. समान हप्ता २,३०३ आहे. म्हणजे पहिली दोन वर्षं तुम्ही बरंच जास्त भरता, तिसऱ्या वर्षी किंचित जास्त, आणि शेवटची दोन वर्षं गरजेपेक्षा कमी. आधी भरलेलं जास्तीचं नंतर कामाला येतं. मधल्या काळात ते राखीव निधी म्हणून पडून असतं. एक लाख लोकांचा निधी कोटींमध्ये असा चालतो:

| वर्ष | हप्ते जमा | मागील शिल्लक धरून | ६% व्याजासह | दावे | अखेर शिल्लक |
|---|---|---|---|---|---|
| १ | २३.०३ | २३.०३ | २४.४१ | २० | ४.४१ |
| २ | २२.९८ | २७.३९ | २९.०४ | २२ | ७.०४ |
| ३ | २२.९३ | २९.९७ | ३१.७७ | २४ | ७.७७ |
| ४ | २२.८८ | ३०.६५ | ३२.४९ | २७ | ५.४९ |
| ५ | २२.८२ | २८.३० | ३०.०० | ३० | ० |

पाच वर्षांत हे उतार-चढाव लहान दिसतात. तीस-पस्तीस वर्षांच्या टर्म पॉलिसीत शेवटच्या वर्षांचा धोका सुरुवातीच्या कित्येक पट असतो, त्यामुळे हा निधी खूप मोठा होतो. चढता हप्ता ठेवला तर आणखी एक अडचण येते. साठीजवळ हप्ता झेपेनासा झाला की तब्येत धडधाकट असलेले लोक पॉलिसी सोडतात, आजारी मात्र काहीही करून चालू ठेवतात. मग उरलेल्या गटाचे मृत्यू तक्त्यापेक्षा जास्त होतात आणि हप्ता परत वाढवावा लागतो.

७. मग मध्येच पॉलिसी बंद केली तर माझ्या वाट्याचा राखीव निधी मला मिळायला नको का?

आपल्या उदाहरणात तिसऱ्या वर्षाअखेर ७.७७ कोटी ९९,३४० जणांत वाटले तर माणशी ७८२ रुपये येतात. गणितानं पाहिलं तर तुमचा वाटा इतका. पण नियमित हप्त्याच्या शुद्ध टर्म पॉलिसीत बंद करताना सहसा काही मिळत नाही.

कारणं दोन सांगतात. पॉलिसी काढताना झालेला वैद्यकीय तपासणीचा आणि कमिशनचा खर्च अजून वसूल व्हायचा असतो. दुसरं, मध्येच सोडणारे बहुधा निरोगी असतात, त्यामुळे मागे राहिलेल्यांना सरासरीपेक्षा जास्त निधी लागतो. दोन्ही खरी आहेत. तरीही वीस-पंचवीस वर्षांनी पॉलिसी सोडणाऱ्याच्या बाबतीत ती मला पुरेशी वाटत नाहीत, कारण तोवर तो खर्च कधीच निघालेला असतो. एकरकमी किंवा मर्यादित वर्षं हप्ते भरायच्या टर्म पॉलिसीत मात्र आगाऊ भरलेल्याचा काही भाग परत देण्याची तरतूद असते. पॉलिसीच्या कागदात ‘सरेंडर’ किंवा ‘मुदतपूर्व समाप्ती’ हा भाग वाचा.

८. मी रोज उपवनला पाच किलोमीटर चालतो, दारू-सिगारेट नाही. मला सरासरी का लावता?

चालणं कोणी मोजत नाही, पण तपासणीचे निकाल, वजन, कुटुंबातले आजार आणि तंबाखू यांवरून गट पाडले जातात. गटाच्या आत सरासरी, गटागटांत फरक.

तंबाखू घेणाऱ्या गटाचे मृत्युदर समजा दरवर्षी दुप्पट आहेत. तर आपल्या उदाहरणात वार्षिक निव्वळ हप्ता ४,६०४ येतो. दुपटीपेक्षा किंचित कमी. हिशेब दोन जागी ढळतो. हयात थोडे कमी उरतात, म्हणून मृत्यूही नेमके दुप्पट होत नाहीत. आणि हप्ते भरणारेही कमी होतात. कमी मुदतीत हे परिणाम नगण्य, दीर्घ मुदतीत दिसण्याइतके.

गुटखा खातो पण सिगारेट ओढत नाही, म्हणून ‘नाही’ लिहिलं तर? प्रस्तावात बहुधा तंबाखूच्या सगळ्या प्रकारांबद्दल विचारलेलं असतं. विमा कायद्याच्या कलम ४५ नुसार पहिल्या तीन वर्षांत महत्त्वाची माहिती लपवल्याच्या किंवा फसवणुकीच्या कारणावरून पॉलिसीला आव्हान देता येतं. ४,६०४ च्या गटातला माणूस २,३०३ भरत होता, हाच तिथे मुद्दा असतो.

९. कंपनीच्या वेबसाइटवरचा आकडा या पद्धतीनं काढलेल्या आकड्याशी जुळत नाही. का?

इथला हप्ता निव्वळ आहे. त्यावर कमिशन, तपासणी, कर्मचारी, नफा आणि अंदाज चुकल्यास लागणारा सुरक्षेचा भाग चढतो. याला लोडिंग म्हणतात. विमा रक्कम लहान असेल तर पॉलिसीमागचा ठराविक खर्च जड जातो, म्हणून २५ लाखांचा हप्ता १ कोटीच्या हप्त्याच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त असतो.

दावा प्रत्यक्षात वर्षाअखेरीची वाट पाहत नाही. मृत्यू सरासरीनं वर्षाच्या मध्याला धरले तर सगळ्या दाव्यांवर अर्ध्या वर्षाचं व्याज सुटतं आणि आपला एकरकमी हप्ता १०,२४० वरून १०,५४३ होतो. मासिक हप्ता घेतला तर कंपनीला व्याज आणखी कमी मिळतं, शिवाय वर्षाच्या मध्ये मृत्यू झाल्यास पुढचे मासिक हप्ते येत नाहीत. त्यामुळे बारा मासिक हप्त्यांची बेरीज वार्षिकापेक्षा जास्त निघते.

वयही पाहा. काही ठिकाणी मागच्या वाढदिवसाचं वय धरतात, काही ठिकाणी जवळच्या वाढदिवसाचं. दुसऱ्या पद्धतीत ३९ वर्षं ७ महिन्यांचा माणूस चाळिशीचा ठरतो. जीएसटीचं म्हणाल, तर वैयक्तिक आयुर्विम्यावर तो २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य आहे, पण जुन्या पावत्यांशी तुलना करताना तो धरावा लागेल.

१०. बँकेचे व्याजदर खाली आले की टर्म विमा महागतो का?

थोडा. आपल्या उदाहरणात ६ ऐवजी ४ टक्के धरले तर एकरकमी हप्ता १०,२४० वरून १०,८६४ होतो. पाच वर्षांत व्याजाला वेळच कमी मिळतो. मुदत लांबली की फरक वाढतो, आणि जिथे बचतीचा भाग मोठा आहे तिथे तो सगळ्यात जास्त जाणवतो (प्रश्न १२).

कंपनी आजचा बाजारातला दर हिशेबात धरत नाही, त्याहून कमी धरते. तीस वर्षं हप्ता न बदलण्याचं वचन दिलेलं असतं आणि व्याज चुकलं तर हप्ता वाढवून मागता येत नाही.

११. आमच्या कॉम्प्लेक्समध्ये हजारभर माणसं आहेत. वर्गणी काढून आम्हीच विमा केला तर लोडिंग वाचेल ना?

कासारवडवलीच्या एका गृहस्थांनी हे फार तपशिलात विचारलं होतं, म्हणून तपशिलात उत्तर. नोंदणीशिवाय विम्याचा व्यवसाय करता येत नाही, ही कायद्याची बाजू. गणिताची बाजू जास्त बोलकी आहे.

सगळे चाळिशीचे धरू. पहिल्या वर्षाचा निव्वळ हप्ता १,८८७, हजार जणांचे १८.८७ लाख, व्याजासह २० लाख. अपेक्षित मृत्यू २, द्यायचे २० लाख. कागदावर चोख. पण दोन ही सरासरी आहे. एकही मृत्यू न होण्याची शक्यता साडेतेरा टक्के आहे आणि तीन किंवा जास्त मृत्यू होण्याची सुमारे ३२ टक्के. म्हणजे साधारण तीनांतल्या एका वर्षी समितीकडे पैसे कमी पडणार, तेही दहा लाखांच्या पटीत, आणि कोणाच्या तरी दारात उभं राहून ‘थांबा’ म्हणावं लागणार.

एक लाख लोकांत अपेक्षित मृत्यू २०० आणि स्वाभाविक चढउतार साधारण १४ चा. शंभरातल्या पंचाण्णव वर्षी आकडा १७२ ते २२८ च्या आत राहील. हप्त्याचं सूत्र हजारांसाठी आणि लाखासाठी एकच आहे, पण त्यावर विसंबता येतं ते मोठ्या गटातच.

त्यातही एक अट आहे: मृत्यू एकमेकांपासून स्वतंत्र असायला हवेत. एकाच कॉम्प्लेक्समधली माणसं एकाच इमारतीत राहतात, एकच पाणी पितात. आग, साथ, दरड अशा वेळी सरासरीचा नियम मोडतो आणि गट मोठा असूनही फारसा उपयोग होत नाही. कोविडमध्ये विमा कंपन्यांनाही हाच फटका बसला. अशा धोक्याचा काही भाग त्या पुनर्विमा कंपन्यांकडे सोपवतात आणि वेगळं भांडवल बाळगतात. त्याचा खर्च लोडिंगमध्ये येतो.

१२. ‘हप्ते परत’ देणारी टर्म पॉलिसी फुकटात पडते ना? जगलो तर सगळं परत.

तेच समीकरण मांडू. पाच वर्षं जगणारे ९८,७७० आहेत. पाच वर्षांनी जगल्यास मिळणाऱ्या १ रुपयाचं आजचं अपेक्षित मूल्य ०.७३८१. हप्ता ‘ह’ असेल तर परत करायचे ५ह, आजच्या भावात ३.६९०३ह. येणारे हप्ते ४.४४६६ह. फरक ०.७५६२ह, आणि तेवढ्यात मृत्यूच्या दाव्यांचे १०,२४० भागायला हवेत. ह येतो १३,५४१ रुपये.

साध्या टर्मचे २,३०३. म्हणजे परत मिळावेत म्हणून वर्षाला ११,२३८ जास्त भरायचे आणि शेवटी ६७,७०५ घ्यायचे. हेच ११,२३८ दरवर्षी ६ टक्क्यांनी वेगळे ठेवले असते तर ६७,१५१ झाले असते. पॉलिसी ५५४ रुपयांनी वरचढ ठरते, कारण मध्ये गेलेल्यांचे जास्तीचे पैसे जगलेल्यांत वाटले जातात. वेगळं ठेवलं असतं तर त्यांच्या घरच्यांना ते १० लाखांच्या वर मिळाले असते. लोडिंग धरलं की ही ५५४ ची आघाडी राहत नाही, कारण लोडिंग बहुधा मोठ्या हप्त्याच्या प्रमाणात लागतं.

एंडोमेंटही याच कुळातली. पाच वर्षं जगलात तरी १० लाख द्यायचे असतील तर एकरकमी किंमत ७,४८,३०७ होते. त्यातला मृत्यूच्या धोक्याचा भाग तोच, १०,२४०. म्हणजे दीड टक्क्याहूनही कमी. बाकी सगळी बचत.

१३. गृहकर्जाबरोबर घेतलेला विमा दरवर्षी कमी होत जातो. त्याचे हप्ते कर्जाच्या आधीच का संपवतात?

विक्री करणारे याला सोय म्हणतात. खरं कारण राखीव निधीत आहे.

विमा १०, ८, ६, ४, २ लाख असा उतरत जातो असं धरा. प्रश्न ३ मधल्या शेवटच्या रकान्याला या रकमांनी गुणून बेरीज केली की एकरकमी किंमत ५,९६६. पाच वर्षांत समान वाटली तर हप्ता १,३४२. पण पहिल्या वर्षाच्या धोक्याचीच किंमत १,८८७ आहे. म्हणजे पहिल्या वर्षी कंपनी स्वतःच्या खिशातून घालते आणि पुढच्या वर्षांतल्या हप्त्यांतून वसूल करायची आशा धरते. निधी उणे होतो. प्रश्न ६ मध्ये तुम्ही कंपनीला आगाऊ देत होतात, इथे ती तुम्हाला उधार देते आहे.

आता तुम्ही पहिल्या वर्षानंतर हप्ता भरणं थांबवलंत तर ती उधारी बुडाली. आणि थांबायला तुमच्याकडे कारणही असतं: दुसऱ्या वर्षापासून त्याच वयाला लहान रकमेची नवी पॉलिसी स्वस्त मिळू शकते. म्हणून हप्ते पहिल्या तीन वर्षांत आटोपतात. तेव्हा हप्ता २,११० येतो, पहिल्या वर्षाच्या १,८८७ पेक्षा वर, आणि निधी कधीच उणे जात नाही. किंवा सगळं एकरकमी घेऊन कर्जातच घालतात. तसं केलं तर त्या हप्त्यावर वीस वर्षं गृहकर्जाचं व्याज भरावं लागतं, हे सहसा कोणी मांडून दाखवत नाही.

१४. कर्ज मध्येच फेडलं. विमा बंद होतो की चालू राहतो?

पॉलिसीत काय लिहिलं आहे त्यावर. हप्ते एकरकमी किंवा आधीच भरून झालेले असतील तर उरलेल्या वर्षांच्या धोक्याचे पैसे कंपनीकडे आहेत. मग एकतर ठरलेल्या तक्त्याप्रमाणे उतरती रक्कम चालू राहायला हवी, नाहीतर उरलेला भाग परत मिळायला हवा.

वरच्या उदाहरणात तीन वर्षांनी कर्ज फेडलंत असं धरा. पुढच्या दोन वर्षांचा धोका ४ आणि २ लाखांचा उरतो. ९९,३४० हयातांपैकी पुढच्या वर्षी २७० आणि त्यापुढे ३०० मृत्यू. त्याची त्या दिवसाची किंमत माणशी साधारण १,५६३ रुपये निघते. परतावा मागताना असा आकडा हातात असला तर बरं. कंपनी देते तो याहून कमी असेल (प्रश्न ७), पण किती कमी, हे विचारता येतं. बँकेचा नाहरकत दाखला घ्यायला गेलात की त्याच खेपेत पॉलिसीवरचा बँकेचा हक्क काढल्याचं पत्रही मागून घ्या, नाहीतर पुढे दाव्याची रक्कम आधी फेडलेल्या कर्जखात्याकडे जाण्याचा घोळ होऊ शकतो.